‘बारा टक्क्यांनी वाढव’ म्हणजे नेमकं किती?

आज आम्ही तुम्हाला आमच्या बचत गटाच्या ठराव वहीतली एक ओळ वाचून दाखवणार आहोत. ओळ लहान आहे, पण तिच्यामुळे एका मुलीचं वर्ष गेलं. चूक तिची नव्हती, आमच्या लिहिण्याची होती. म्हणून ती इथे सांगतो.

गटातल्या एका ताईंची मुलगी वर्षभराचा कोर्स करत होती. फीचा पहिला हप्ता गटाने बिनव्याजी दिला होता. कोर्सला पाच परीक्षा, प्रत्येकी १०० गुणांच्या. पुढच्या कोर्सला प्रवेश हवा तर पाचही परीक्षांची मिळून सरासरी ६० टक्के लागणार होती. तीन परीक्षा झाल्या, तिला ५२, ४५ आणि ४७ गुण पडले. बेरीज १४४, म्हणून सरासरी ४८.

बैठकीत आम्ही हिशेब केला. साठातून अठ्ठेचाळीस गेले, उरले बारा. सचिव ताईंनी वहीत लिहिलं : “मुलीने सरासरी १२ टक्क्यांनी वाढवावी, मग दुसरा हप्ता द्यावा.” सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे उमटवले. कुणालाच काही खटकलं नाही.

मुलीने घरी जाऊन मोबाइलवर हिशेब केला. ४८ लिहिले, अधिकचं चिन्ह दाबलं, मग १२ आणि टक्क्याचं चिन्ह. उत्तर आलं ५३.७६. तिने वहीत लिहून ठेवलं, सरासरी ५४ झाली की काम झालं. जीव लावून अभ्यास केला. शेवटच्या दोन परीक्षांत तिला ६४ आणि ६६ गुण मिळाले. एकूण बेरीज २७४, सरासरी ५४.८. ती धावतच बैठकीला आली. “काकू, बारा टक्के सांगितले होते, मी चौदा टक्क्यांच्या वर वाढवले!” आम्ही कागद पाहिला आणि गप्प झालो. आम्हाला हवे होते साठ.

आता मैत्रिणींनो, मोबाइल चुकला का? नाही. मुलगी चुकली का? तीही नाही. मोबाइलने ४८ चे बारा टक्के काढले. अठ्ठेचाळीसला बाराने गुणून शंभराने भागलं की ५.७६ येतात. ते ४८ मध्ये मिळवले की ५३.७६. “१२ टक्क्यांनी वाढव” या शब्दांचा सरळ अर्थ तोच होतो, की आधी जेवढं होतं त्याच्या बारा टक्के भर घाल. आम्हाला म्हणायचं होतं वेगळंच. शंभर गुणांच्या पट्टीवर ४८ च्या खुणेवरून बारा घरं वर चढ आणि ६० च्या खुणेवर ये. या घरांना हिशेबाच्या भाषेत टक्के-बिंदू म्हणतात. ४८ वरून ६० म्हणजे वाढ १२ टक्के-बिंदूंची. पण टक्क्यांत सांगायची तर तीच वाढ २५ टक्के होते, कारण १२ हा ४८ चा बरोबर चौथा हिस्सा आहे.

हे अवघड वाटत असेल तर आपल्या रोजच्या व्यवहारातलं घ्या. समजा गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन आहे आणि ते शेकडा तीन केलं. कुणी म्हणेल, “एकच टक्का वाढवला की!” पण हजार रुपयांमागे जिथे वीस रुपये द्यायचो तिथे आता तीस द्यावे लागतात. व्याजाचा बोजा निम्म्याने, म्हणजे ५० टक्क्यांनी वाढला. वाढ एकच, तिला मोजायच्या रीती दोन. पहिली रीत दोन आकड्यांमधलं अंतर सांगते. दुसरी रीत आधीच्या आकड्याच्या मानाने वाढ किती ते सांगते. परीक्षेच्या सरासरीतही हेच होतं, आणि आधीची सरासरी जितकी कमी तितका फरक मोठा. सरासरी ८० असेल तर तिचे दहा टक्के म्हणजे ८ गुण, दहाच्या जवळपास. सरासरी ४० असेल तर दहा टक्के म्हणजे चारच गुण. म्हणजे ज्या मुलीला जास्त वर चढायचं आहे, तिलाच या घोटाळ्यात लक्ष्य फार जवळ दिसतं.

आमची आणखी एक चूक झाली. सरासरी बारा गुणांनी वाढवायची तर उरलेल्या परीक्षांत बारा-बारा गुण जास्त मिळवले की झालं, असं आम्हाला वाटलं होतं. तसं नसतं. झालेल्या तीन परीक्षा सरासरीला खाली ओढून धरतात. यासाठी टक्के बाजूला ठेवून गुणांचीच बेरीज करावी. पाच परीक्षांची सरासरी ६० हवी, म्हणजे एकूण ३०० गुण हवेत. हातात आहेत १४४. कमी पडतात १५६. परीक्षा उरल्या दोन, म्हणजे प्रत्येकीत ७८. अठ्ठेचाळीसच्या मुलीला एकदम ७८! हा आकडा त्याच दिवशी समोर आला असता, तर शिकवणी लावायची का, घरची कामं कुणी वाटून घ्यायची, हे तेव्हाच बोलता आलं असतं. तिने ५४ चं लक्ष्य धरलं होतं, त्याला प्रत्येकी ६३ पुरत होते, आणि तेवढे तिने मिळवलेही.

हाच हिशेब कधी कधी वेगळंही सांगतो. समजा ४८ ची सरासरी चार परीक्षांनंतर असती. मग हातात १९२ आणि एकाच परीक्षेत हवे १०८. शंभरातून एकशे आठ कुणालाच मिळत नाहीत. असं उत्तर आलं की मुलीला “आणखी मेहनत कर” म्हणण्यात अर्थ नाही, पुन्हा परीक्षा देता येते का ते विचारावं.

एक सांभाळायला हवं. सगळ्या परीक्षा सारख्या गुणांच्या असतील तरच सरासरी अशी काढता येते. लेखी १०० ची आणि प्रात्यक्षिक २०० चं असेल, तर दोन्हींचे टक्के एकत्र करून दोनाने भागू नका. मिळालेले सगळे गुण एकीकडे मिळवा, एकूण गुण दुसरीकडे मिळवा आणि मग टक्के काढा.

आमच्या गटाने पुढे काय केलं? दुसरा हप्ता दिला, कारण लिहिलेली अट तिने पुरी केली होती. पण पुढच्या कोर्सचा प्रवेश आमच्या हातात नव्हता. तिला २६ गुण कमी पडले आणि ती एक वर्ष थांबली.

आता आमच्या वहीत ‘इतक्या टक्क्यांनी वाढवावी’ असं लिहीत नाही. लिहितो ते असं : “सरासरी ४८ वरून ६० व्हावी. एकूण गुण ३०० हवेत, आज १४४ आहेत, उरलेल्या दोन परीक्षांत प्रत्येकी ७८ हवेत.” कुणी नुसते टक्के म्हटलं की कोणीतरी विचारतंच, “कशाचे टक्के, ताई?” तुमच्याही वहीत अशी एखादी ओळ असेल, तर सही करण्याआधी ती पुन्हा वाचा आणि शेजारी कुठून कुठपर्यंत ते दोन्ही आकडे लिहा.