दुष्काळातला तेरावा महिना आणि इंग्रजी वाचक

रेव्हरंड ए. मॅनवेअरिंग या पाद्रीसाहेबांनी जमविलेल्या मराठी म्हणींचा इंग्रजी तर्जुम्यासह संग्रह १८९९ साली ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने प्रसिद्ध केला. संग्रहकाराला एक सवलत असते : मूळ म्हण, तिचा शब्दशः अर्थ आणि स्पष्टीकरण ही तिन्ही तो एकाखाली एक मांडू शकतो. कथा-कादंबरीच्या अनुवादकाला ती सवलत नाही. पात्राच्या तोंडची म्हण त्याला एकाच वाक्यात पार पाडावी लागते, आणि त्यासाठी इंग्रजीतली तयार म्हण घ्यावी की मूळ प्रतिमा राखून ती उलगडावी, याचा निर्णय प्रत्येक स्थळी नव्याने करावा लागतो.

काही ठिकाणी हा निर्णय सोपा असतो. दोन जावांच्या तडाख्याच्या भांडणात एकीने ‘नाचता येईना अंगण वाकडे’ असे फेकले, तर ‘अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स’ या वाक्याने काम भागते. अंगणाच्या जागी हत्यारे आली तरी दोष दुसऱ्यावर ढकलण्याची खोड तीच राहते आणि संवादाचा वेग मोडत नाही. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ या म्हणीला आंधळ्यांच्या राज्यातील एकाक्ष राजाची इंग्रजी म्हण जवळची वाटते खरी. परंतु लेखकाने पुढल्याच पानावर त्या गृहस्थाला ‘आमची लंगडी गाय’ म्हणून चिडविले असेल, तर राजा झालेल्या माणसाला पुन्हा गोठ्यात बांधावयाचे कसे? म्हणून म्हणीला हात लावण्यापूर्वी पुढील मजकुरात तिची प्रतिमा पुन्हा डोकावते काय, हे आधी पाहून घ्यावे.

खरी कसोटी लागते ती ‘दुष्काळात तेरावा महिना’ येथे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून अकरा-एक दिवसांनी तोकडे. ही तूट भरून काढण्यासाठी साधारणतः बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी आपल्या पंचांगात एक अधिक मास येतो. कणगीतले धान्य बारा महिन्यांनाही पुरत नाही अशा वर्षी आणखी एक महिना तोंडे चालवावयाची, आणि तो धोंड्याचा महिना असल्यामुळे जावयाला जेवू घालून अनारशांचे वाणही द्यावयाचे : या म्हणीतली कळ अशी हिशेबी आहे. कोशात तिच्यापुढे ‘संकटे एकटी येत नाहीत’ अशा आशयाची इंग्रजी म्हण सहज ठेवता येईल. बोलीत अधिक रुळलेली म्हण म्हणजे ‘इट नेव्हर रेन्स बट इट पोर्स’. आता माणदेशातला शेतकरी कोरड्या विहिरीच्या काठावर बसून, पडला तर धो-धोच पडतो, अशी पावसाची तक्रार करीत आहे असे चित्र डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे केवळ भावार्थ जुळविल्याने काय अनर्थ होतो ते ध्यानी येईल. तेच वाक्य शहरातल्या एखाद्या कारकुनाने, साहेब रजेवर असताना दप्तर-तपासणी आली म्हणून, उद्गारले असेल, तर मात्र पावसाला माझी हरकत नाही.

उलट शब्दशः ‘अ थर्टीन्थ मन्थ इन अ फॅमिन’ असे लिहावे, तर निराळाच घोटाळा होतो. इंग्रजी वाचकाच्या संस्कारात तेरा हा आकडाच अपशकुनी. म्हणून म्हण समजली अशी त्याची खात्री पटते, पण वाढीव महिन्याची कल्पना त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते. वाचक अडखळला तर चूक उघडी तरी पडते. येथे तो अडखळतच नाही. यावर एक परीक्षा आहे : मराठी न जाणणाऱ्या माणसाला अनुवादित वाक्य वाचावयास द्यावे आणि बोलणाऱ्याला नेमके कशाचे दुःख आहे, एवढेच विचारावे. उत्तरात ‘अशुभ’ हा शब्द आला की तर्जुमा फसला असे समजावे.

माझ्या मते येथे आकडा सोडावा आणि वाढीवपणा राखावा. ‘अ फॅमिन इयर, अँड अ लीप मन्थ टू फीड’ : इंग्रजी वाचकाला लीप वर्षातला जादा दिवस ठाऊक असतो, तेव्हा जादा महिना त्याला चटकन उमगतो, आणि ‘फीड’ या एका क्रियापदात कणगीचा हिशेब येऊन जातो. धोंडा, जावई आणि अनारसे मात्र सुटतात. त्यांच्यासाठी तळटीप जोडण्याचा मोह आवरलेलाच बरा, कारण दुःखाच्या उद्गाराखाली बारीक टाइपात पाककृती छापल्यास त्या उद्गाराची धार जाते.

न्यायालयातील जबानीत ही मोकळीक दुभाष्याने घेऊ नये. साक्षीदाराने तेरावा महिना म्हटले असेल तर तेरावा महिनाच सांगावा आणि त्याचा खुलासा पृथक् द्यावा. वकिलाला उलटतपासणी साक्षीदाराच्या शब्दांची करावयाची असते. कादंबरीत मात्र ‘लीप मन्थ’ एकदा रुजला की पन्नास पानांनी तीच म्हण पुन्हा आल्यावर नुसते ‘अँड नाउ द लीप मन्थ’ एवढेच लिहिले तरी चालते.