फ्लेक्सवरचा चिकटवलेला माणूस
वाढदिवसाच्या फ्लेक्सवर दादा किल्ल्यासमोर उभे असतात, पण चिकटवल्यासारखे. सूर्य मावळतोय डावीकडे आणि उजेड पडलाय उजव्या गालावर! फोटो आडवा उलटवला की निम्मं काम होतं. मात्र खिसा आणि भांगही बाजू बदलतात, घरचे ते लगेच पकडतात. मग कडा. पांढऱ्या भिंतीसमोरच्या फोटोत केसांभोवती पांढरी रेघ उरते. मास्क एक-दोन पिक्सेल आत घ्यायचा आणि केसांच्या कडेला मागच्या आभाळाचा रंग द्यायचा. रंगाचं काम शेवटी: आधी माणसाच्या सावल्या मागच्या सावल्यांइतक्याच गडद करायच्या, नंतर दोघांवर मिळून एकच तांबूस छटा. तपासायला चित्र क्षणभर कृष्णधवल करावं. तरीही माणूस वेगळा उठून दिसला, तर दोष रंगात नाही, उजेडात आहे.