रेपो दर घटला, मग हप्ता जागेवरच का? गृहकर्जाच्या व्याजाचा हिशेब समजून घ्या

छत्रपती संभाजीनगर : रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर चार वेळा कमी केला. फेब्रुवारीत ६.५० टक्क्यांवर असलेला दर डिसेंबरमध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. म्हणजे एका वर्षात सव्वा टक्क्याची घट झाली. तरीही अनेक कर्जदारांच्या खात्यातून दरमहा तेवढाच हप्ता कापला जातो. बँक फसवतेय का? बहुतेक वेळा तसे नसते. दरकपात कर्जापर्यंत पोहोचलेली असते, पण ती हप्त्यात न दिसता मुदतीत जमा होते. ती कुठे गेली हे पाहिले नाही, तर काही लाखांचा फरक लक्षातच येत नाही.

रेपो दर म्हणजे नेमके काय?

बँकांना थोड्या काळासाठी पैसे कमी पडले, की त्या सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून उसने घेतात. त्यावरचा व्याजदर म्हणजे रेपो दर. पण सिडकोतल्या फ्लॅटसाठी बँक जे कर्ज देते, त्यातला बहुतांश पैसा रिझर्व्ह बँकेचा नसतो, ठेवीदारांचा असतो. तीन वर्षांची मुदत ठेव साडेसात टक्क्यांनी घेतली असेल, तर रेपो दर घटला म्हणून बँकेला त्या ठेवीचे व्याज मध्येच कमी करता येत नाही. त्यामुळे दरकपात कर्जदारांपर्यंत पोहोचवायला बँका पूर्वी वेळ लावत. दर वाढला, की तो मात्र पटकन पोहोचे.

यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०१९ पासून नियम बदलला. व्यावसायिक बँकांनी दिलेली नवी गृहकर्जे बदलत्या म्हणजे फ्लोटिंग दराची असतील, तर ती बाहेरच्या मापदंडाशी जोडणे बंधनकारक झाले. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर निवडला. आता सूत्र सरळ आहे: तुमचा दर म्हणजे रेपो दर अधिक बँकेचा स्प्रेड. स्प्रेड म्हणजे बँकेचा खर्च, नफा आणि तुमच्या कर्जातली जोखीम यांपोटी वर लावलेली टक्केवारी.

एका कर्जाची चार वर्षे

एक उदाहरण घेऊ. वाळूज एमआयडीसीतल्या एका कामगाराने जानेवारी २०२२ मध्ये बजाजनगरात घर घेण्यासाठी २५ लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी काढले, असे समजा. तेव्हा रेपो दर ४ टक्के होता. स्प्रेड २.७५ टक्के धरला, तर व्याजदर ६.७५ टक्के आणि हप्ता १९,००९ रुपये. पहिल्या हप्त्यातले १४,०६२ रुपये व्याजात गेले आणि ४,९४७ रुपये मुद्दलातून कमी झाले.

मे २०२२ मध्ये महागाई आटोक्यात आणण्यासाठी रिझर्व्ह बँकेने दरवाढ सुरू केली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो दर ६.५० टक्क्यांवर गेला. बँकेने दर तीन महिन्यांनी दर बदलला, पण हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवत नेली, असे धरू. अनेक कर्जांच्या बाबतीत हेच झाले. हप्ता वाढत नसल्याने कर्जदार निर्धास्त राहिला.

एप्रिल २०२३ मध्ये त्याचा दर ९.२५ टक्के झाला. तोपर्यंत १५ हप्त्यांत त्याने २ लाख ८५ हजार रुपये भरले होते, पण मुद्दल कमी झाले होते फक्त साडेपंचेचाळीस हजारांनी. शिल्लक सुमारे २४ लाख ५४ हजार. त्यावर ९.२५ टक्क्यांनी महिन्याचे व्याज होते १८,९१९ रुपये, आणि हप्ता १९,००९ रुपये. म्हणजे मुद्दलात जाणार जेमतेम ९० रुपये. याच गतीने कर्ज फिटायला आणखी ५८ वर्षे लागली असती.

दर आणखी थोडा वाढला असता, तर हप्ता व्याजालाही पुरला नसता आणि दरमहा भरूनही कर्ज वाढत गेले असते. असे होऊ नये, यासाठी रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी बँकांना आणि गृहकर्ज कंपन्यांनाही निर्देश दिले. मुदत वाढवताना कर्ज उलटे फुगता कामा नये. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, हा पर्याय कर्जदाराला द्यायला हवा.

आपल्या उदाहरणातल्या कर्जदाराला मूळ मुदतीतच कर्ज फेडायचे होते. त्यासाठी हप्ता सुमारे २३,००८ रुपये करावा लागला. महिन्याला चार हजारांचा जादा भार.

दर घटला, तेव्हा काय झाले?

रेपो दर ज्या दिवशी बदलतो, त्याच दिवशी कर्जाचा दर बदलतो असे नाही. प्रत्येक कर्जाची रीसेट तारीख असते. नियमानुसार तीन महिन्यांतून एकदा तरी दर नव्याने ठरवायला हवा. काही बँका लगेच ठरवतात, तर काही तिमाहीने.

या कर्जाची रीसेट तारीख दर तिमाहीची १ तारीख आहे, असे धरा. ७ फेब्रुवारी २०२५ ची पाव टक्क्याची कपात १ एप्रिलला लागू झाली आणि दर ९ टक्के झाला. पुढची कपात झाली ९ एप्रिलला, म्हणजे रीसेटनंतर आठच दिवसांनी. ती मिळायला १ जुलै उजाडला. ६ जूनची अर्ध्या टक्क्याची कपातही त्याच दिवशी जमा झाली आणि दर ८.२५ टक्क्यांवर आला. ५ डिसेंबरची कपात १ जानेवारी २०२६ ला पोहोचली. दर ८ टक्के.

या सगळ्या काळात हप्ता मात्र २३,००८ रुपयेच राहिला. दर घटल्यावर बँका सहसा हप्ता तसाच ठेवतात आणि मुदत कमी करतात. ‘माझा हप्ता का कमी झाला नाही,’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा इथे असते.

जानेवारी २०२६ मध्ये या कर्जदाराची शिल्लक सुमारे २२ लाख ८८ हजार आणि मूळ वेळापत्रकानुसार उरलेले हप्ते १९२. त्याच्यासमोर दोन रस्ते आहेत.

हप्ता २३,००८ रुपयेच ठेवला, तर कर्ज १६४ हप्त्यांत फिटते. म्हणजे २८ हप्ते वाचतात.

मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करून घेतला, तर तो २१,१६३ रुपये होतो. महिन्याला सुमारे १,८४५ रुपये हातात राहतात, पण शेवटपर्यंत पहिल्या रस्त्यापेक्षा सुमारे तीन लाख रुपये जास्त भरावे लागतात.

पगारात ओढाताण होत असेल, मुलांची फी तोंडावर असेल, तर दुसरा रस्ता चुकीचा नाही. निवड विचार करून व्हावी, आपोआप होऊ नये, एवढेच.

मग फिक्स्ड दर बरा का?

याच कर्जदाराने २०२२ मध्ये पूर्ण २० वर्षांसाठी ८.२५ टक्के स्थिर दर घेतला असता, असे समजा. हप्ता २१,३०२ रुपये झाला असता. सुरुवातीला महिन्याला २,३०० रुपये जास्त गेले असते. २०२३ मधल्या दरवाढीची झळ बसली नसती, आणि २०२५ च्या कपातीचा फायदाही झाला नसता. दर वाढण्याची जोखीम बँक स्वतःकडे घेते, म्हणून सुरुवातीचा दर जास्त लावते.

अडचण अशी, की ‘फिक्स्ड’ म्हणून मिळणारे गृहकर्ज अनेकदा दोन, तीन किंवा पाच वर्षांपुरतेच स्थिर असते. त्यानंतर ते फ्लोटिंग होते. ही अट मंजुरीपत्रात लिहिलेली असते, म्हणून सहीआधी वाचावी. दुसरा फरक मुदतपूर्व फेडीचा. वैयक्तिक कर्जदाराच्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले, तर दंड लावता येत नाही. फिक्स्ड कर्जावर शुल्क लागू शकते.

फ्लोटिंगवरून फिक्स्डवर जाण्याचा पर्याय देणे २०२३ च्या निर्देशांनुसार बंधनकारक होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तो द्यायचा की नाही, हे बँकेवर सोडले आहे.

दर खरोखरच घटला नसेल तर?

आधी कर्ज कोणत्या मापदंडाशी जोडले आहे, ते पाहा. ऑक्टोबर २०१९ च्या आधीचे कर्ज एमसीएलआर किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर असू शकते. हे दर बँक स्वतःच्या खर्चावरून काढते, त्यामुळे ते हळू घटतात. बँकेच्या शाखेत अर्ज करून असे कर्ज रेपो दराशी जोडून घेता येते. गृहकर्ज कंपन्या आणि सहकारी बँकांना मात्र रेपो दराशी जोडण्याची सक्ती नाही. त्यांचा दर त्या स्वतः ठरवतात.

त्यानंतर स्प्रेड तपासा. रेपो दर ५.२५ आणि तुमचा दर ८ टक्के असेल, तर स्प्रेड २.७५. त्याच बँकेत नव्या ग्राहकाला ७.५० टक्क्यांनी कर्ज मिळत असेल, तर त्याचा स्प्रेड २.२५ आहे. हा अर्धा टक्का रेपो दर कितीही घटला तरी तुम्हाला मिळणार नाही, कारण तो करारातच आहे. बँकांना पूर्वी स्प्रेडमधला त्यांच्या खर्चाचा भाग तीन वर्षांतून एकदाच बदलता येत असे. ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहकाच्या फायद्यासाठी तो त्याआधीही कमी करता येतो. त्यासाठी अर्ज करावा लागतो. बँकेने नकार दिला, तर कर्ज दुसऱ्या बँकेत नेता येते. त्याआधी प्रोसेसिंग शुल्क आणि कागदपत्रांचा खर्च मोजावा.

या सगळ्याची माहिती एकाच कागदावर मिळते. दर तिमाहीच्या अखेरीस बँकेने विवरणपत्र देणे आवश्यक आहे. त्यात आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक व्याजदर असतो. मागच्या तिमाहीचे आणि या तिमाहीचे विवरणपत्र शेजारी ठेवा. दर घटूनही उरलेले हप्ते फक्त तीनने कमी झाले असतील आणि हप्ता तोच असेल, तर कपात पोहोचलेली नाही. अशा वेळी शाखेत लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही.