कर्जासाठी बँकेत जायचंय? आधी वेळ मागून घ्या



गटाचं कर्ज म्हटलं की बँकेच्या किती खेपा होतात ते तुम्हाला माहीतच आहे. एकदा साहेब दौऱ्यावर असतात, एकदा ठरावाची नक्कल घरी राहिलेली असते, तर एकदा सचिवच आलेली नसते. तिघीजणी गेल्या की तिघींचा रोज बुडतो, वर एसटीचं भाडं. म्हणून आज आम्ही एका साध्या अर्जाबद्दल बोलणार आहोत. कर्जाचा अर्ज भरायच्या आधी शाखा व्यवस्थापकांकडे भेटीची वेळ मागायची, तो हा अर्ज.

एका पानाच्या या अर्जात तीन गोष्टी नीट हव्यात. कर्ज कशाला हवं, कोणत्या दिवशी येऊ शकतो आणि येताना काय आणणार. हे वाचून साहेबांना तुम्ही यायच्या आधीच कळतं की काम कोणाकडे द्यायचं आणि कोणता कागद कमी आहे. कमी असेल तर ते फोनवरच सांगू शकतात.

पहिली गोष्ट, कारण. "व्यवसायासाठी कर्ज हवे" एवढं लिहून काही कळत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, उमेद अभियानातला दोन वर्षांचा गट आहे, अकरा जणी आहेत, प्रत्येकीची महिन्याची बचत १०० रुपये. म्हणजे बचत झाली २६,४०० रुपये. आपापसातल्या कर्जाचं व्याज जमलं ४,६०० आणि फिरता निधी मिळाला ३०,०००. हे सगळं मिळून गटाचा निधी ६१,००० रुपये. अभियानातल्या गटाच्या पहिल्या कर्जासाठी या निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यातली जास्त असेल ती रक्कम धरतात. इथे सहापट होते ३ लाख ६६ हजार. आता बायकांना खरी गरज किती? चौघींना शेळ्यांसाठी प्रत्येकी ३०,०००, दोघींना शिलाई मशीनसाठी प्रत्येकी २०,०००, एकीला पिठाच्या गिरणीसाठी ६०,००० आणि दोघींना किराणा मालासाठी प्रत्येकी ४०,०००. बेरीज बरोबर ३ लाख. उरलेल्या दोघींना आत्ता कर्ज नको आहे. मग अर्जात ३ लाखच लिहायचे. सहापट बसते म्हणून जास्त मागितलं तर वरच्या पैशाचं काय करणार, हा प्रश्न येतोच, आणि त्याचे हप्तेही आपल्यालाच फेडायचे असतात.

दुसरी गोष्ट, दिवस. "लवकरात लवकर वेळ द्यावी" असं लिहू नका. तीन तारखा द्या आणि वेळही लिहा. तारखा ठरवताना आधी आपली सोय बघा. सह्या करणाऱ्या पदाधिकारी त्या दिवशी मोकळ्या आहेत का, परतीची गाडी किती वाजता आहे. मग बँकेची बाजू बघा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शनची गर्दी असते. आठवडी बाजाराच्या दिवशी काउंटरपुढे रांग लागते. मार्चच्या शेवटी हिशेब बंद करायची घाई असते आणि १ एप्रिलला व्यवहार होत नाहीत. हे दिवस सोडले तर साहेब पंधरा-वीस मिनिटं निवांत बसून ऐकतील.

तिसरी गोष्ट, कागद. अर्जातच यादी लिहा आणि त्याच क्रमानं पिशवीत लावा. ठराव मासिक सभेत झालेला हवा. त्यात रक्कम, कारण आणि बँकेत कोणी जायचं हे लिहिलेलं हवं, खाली हजर सभासदांच्या सह्या हव्यात. पासबुकात चालू महिन्यापर्यंतच्या नोंदी छापून घ्या. इतिवृत्त, रोखपुस्तक आणि बचत-कर्जाची वही मूळच न्या, कारण गट नियमित चालतो की नाही हे साहेब त्यातूनच बघतात. आधारच्या प्रती सगळ्या अकरा जणींच्या न्या. कर्जाच्या वेळी बँक सगळ्या सभासदांची ओळख तपासू शकते.

आता नमुना ऐका.

प्रति, मा. शाखा व्यवस्थापक, (बँकेचे व शाखेचे नाव)
दिनांक : ४
विषय : गटाच्या पहिल्या कर्जाबाबत भेटीची वेळ मिळणेबाबत.

महोदय / महोदया,
आमच्या गटाचे बचत खाते आपल्या शाखेत दोन वर्षांपासून आहे. खाते क्रमांक (…). गटात ११ सभासद आहेत. मासिक सभेतील ठरावानुसार आम्हाला ३,००,००० रुपये कर्ज हवे आहे. त्यातून चार सभासद शेळीपालन, दोन शिलाईकाम, एक पिठाची गिरणी व दोन किराणा दुकान हे व्यवसाय करणार आहेत. प्रत्येकीची रक्कम सोबतच्या कागदावर आहे.
याबाबत बोलण्यासाठी मंगळवार १२, गुरुवार १४ किंवा मंगळवार १९ या तारखांपैकी एका दिवशी सकाळी ११.३० ते दुपारी १ दरम्यान वेळ द्यावी. अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष येतील.
येताना ठरावाची नक्कल, पासबुक, गटाच्या वह्या, कर्जाचा आराखडा, सभासदांची यादी, सर्वांच्या आधारच्या प्रती आणि पदाधिकाऱ्यांचे फोटो आणू. आणखी काही लागत असल्यास कृपया (फोन क्रमांक) यावर कळवावे.
आपल्या विश्वासू,
अध्यक्ष – सचिव – कोषाध्यक्ष (सह्या व गटाचा शिक्का)

तारखेखाली महिना आणि वर्ष लिहायला विसरू नका. अर्जाच्या दोन प्रती करा. एक बँकेत द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व सही घ्या. हीच पोच. शाखेत बँक सखी असेल तर तिच्या हातून दिला तरी चालतो, पण पोच तिच्याकडूनही मागून घ्या. आपण दिलेली पहिली तारीख दोन दिवसांवर आली आणि फोन आला नाही, तर पोच दाखवून किंवा फोन करून विचारा. पोच नसेल तर "अर्ज आलाच नाही" या उत्तरापुढे काही बोलता येत नाही.

अर्ज देण्याआधी दोन गोष्टी मात्र घरीच तपासा. गटाचे पदाधिकारी बदलले असतील तर बँकेत नव्या सह्यांची नोंद झाली आहे का? नसेल तर आधी ते काम करा, नाहीतर भेट सह्यांवरच अडते. दुसरं, आधारवरचं नाव आणि गटाच्या यादीतलं नाव एकच आहे का? एकीकडे माहेरचं आणि दुसरीकडे सासरचं आडनाव असेल तर ते भेटीआधीच दुरुस्त करायला द्या.

आणि भेटीत कोणी म्हणालं, "तारण द्या" किंवा "आधी मुदत ठेव ठेवा," तर शांतपणे सांगा की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बचत गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि ठेवीची सक्तीही करता येत नाही. तरीही नकार आला तर त्याचं कारण लेखी मागा. ते कारण हातात असलं की पुढच्या सभेत नेमकं काय दुरुस्त करायचं ते सगळ्यांना कळतं, आणि प्रभाग समन्वयकांकडे जायचं झालं तर दाखवायला कागद असतो.

येत्या मासिक सभेत हा नमुना सगळ्यांसमोर वाचा आणि त्याच बैठकीत आपल्या गटाच्या तीन तारखा ठरवा.