पांढऱ्या टोपीतला तो कोण?

भाच्याने फोनवर एक चित्र पाठवलं. निळसर विटांपुढे एक ठेंगणा, मिशाळ गडी, टोपी जवळजवळ पांढरी. खाली प्रश्न : ‘मामा, हा लुइजी ना?’ जुन्या व्हिडिओ गेममधला लुइजी पांढऱ्या टोपीचा असतो, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. ते खरंही आहे. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मारिओच्या या भावाची टोपी आणि डांगरी पांढरी, तर सदरा आणि केस हिरवे. पण त्याच खेळात फूल खाऊन आगीचे गोळे फेकणारा मारिओही फिकट, सायीच्या रंगाच्या कपड्यांत येतो. टोपीवरून नाव ठेवायला गेलं, तर दोघांत गल्लत ठरलेलीच.

म्हणून आधी रंग मोजायचे. ज्या यंत्रावर हा खेळ चाले, त्यात हलणारं चित्र, म्हणजे स्प्राइट, आठ बाय आठ पिक्सेलच्या तुकड्यांनी जोडलेलं असे आणि एका तुकड्याला तीनच रंग मिळत. चौथी जागा पारदर्शक. म्हणूनच मारिओची मिशी, केस, सदरा आणि बूट सगळे एकाच रंगाचे. एक रंग टोपीला, एक कातडीला, उरलेला बाकी सगळ्याला. टोपीचा रंग फसवत असेल, तर हा तिसरा रंग बघावा : तो हिरवा असला तर लुइजी, लाल असला तर आगवाला गडी, मग तो मारिओ असो वा लुइजी. साधा मारिओ मात्र लाल टोपीचा. त्याचा सदरा मातकट हिरवा. भाच्याच्या चित्रात सदरा लाल होता.

हे मोजताना चित्र गुळगुळीत करून मोठं करू नये. तसं केलं की कडांवर दोन रंग मिसळून नसलेलाच एक रंग तयार होतो आणि हिशेब चुकतो. चौकोन चौकोनच राहिले पाहिजेत. त्यात टीव्ही बदलला की छटाही बदलते, त्यामुळे ‘लाल की तपकिरी’ यावर हट्ट धरण्यापेक्षा कोणता रंग कुठे बसलाय, हे महत्त्वाचं. उंचीही बोलते. लहान मारिओ सोळा बाय सोळा पिक्सेलचा, मोठा सोळा बाय बत्तीसचा. आग मिळते ती मोठ्यालाच.

पण गडी एकटाच कापून पाठवला असेल, तर खेळ कोणता हेच कळत नाही. म्हणून मी भाच्याकडून पूर्ण पडदा मागवला. वर डाव्या कोपऱ्यात अक्षरं होती, MARIO, आणि पुढे नाणी, WORLD 1-2 आणि TIME. पहिल्या खेळाची मांडणी अशीच. दुसरा गडी खेळत असेल, तर त्याच जागी LUIGI येतं. अमेरिकेत १९८८ मध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’मध्ये वर नाव नसतं, डाव्या कडेला जीव मोजणारे ठिपके एकाखाली एक असतात. तिसऱ्या भागात सगळा हिशेब खालच्या पट्टीत, आणि तिथे M किंवा L एवढंच अक्षर. पट्टी वर, डावीकडे की खाली, एवढ्यावरून खेळ ठरतो.

शत्रू दुसरी साक्ष देतात. पडद्यावर बुटके, भुवया ताणलेले गुंबा होते, पण निळसर. जमिनीवर ते तपकिरी असतात. भुयारात पॅलेट बदलते आणि तेच गुंबा निळे पडतात. WORLD 1-2 हे भुयारच आहे, म्हणजे जागा आणि शत्रू एकमेकांशी जुळले. मुखवटे घातलेले शाय गाय दिसले असते, तर दुसऱ्या भागाचा संशय घेतला असता.

तरी एक खोड उरते. चांदणी पकडली की मारिओ काही काळ चमचमतो. खेळ त्यासाठी नवे रंग आणत नाही. शत्रूंचे रंगच आळीपाळीने त्याच्या अंगावर चढवतो. नेमक्या त्या क्षणाचं चित्र टिपलं गेलं, तर कोपा कासवाची हिरवी पॅलेट लागून मारिओची टोपी हिरवी दिसू शकते आणि सगळे एका सुरात ‘लुइजी!’ म्हणतात. तेव्हा चेहरा बघावा. कासवाचे रंग चढले की कातडीच्या जागी पांढरा येतो. चांदणी न पकडलेल्या लुइजीचं तोंड असं पांढरं पडत नाही.

भाच्याला मी उत्तर पाठवलं : ‘मारिओ, आगवाला, भुयारातला.’ त्याचा लगेच प्रतिप्रश्न आला : ‘मग नाव वरच लिहिलं होतं, ते आधी का नाही सांगितलं?’ आता त्याला काय सांगणार? कापून पाठवलं होतं त्यानेच.