गाणं बंद, तरी कॉइल तापलेली

अंबरनाथ पश्चिमेला, कल्याण-बदलापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला एका गाळ्यात ॲम्प्लिफायर दुरुस्त होतात. गणपती जवळ आले की गाळ्याबाहेर रिकाम्या पेट्यांची थप्पी लागते. आत टेबलावर उघडे बोर्ड, एक जुना स्कोप आणि भिंतीला टांगलेला सिरीज लॅम्प. कोणताही बिघडलेला ॲम्प आधी त्या १०० वॉटच्या बल्बमधून वीज घेऊनच चालू होतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि बाकीचे पार्ट वाचतात.

त्या दिवशी टेबलावर आलेल्या पेटीची तक्रार अर्धवट होती. साउंडवाला सांगत होता की आवाज चांगला येतो, पण तासाभरात कापल्यासारखा होतो, मग सगळं बंद. बल्ब क्षणभर चमकून मंदावला, म्हणजे शॉर्ट नव्हता. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी स्पीकर जोडलाच नाही, गाणंही लावलं नाही. थोड्या वेळाने बोट आधी हीटसिंकवर ठेवलं, मग बोर्डावरच्या पिवळ्या-पांढऱ्या कॉइलवर, आणि लगेच उचललं. हीटसिंक जेमतेम कोमट, कॉइल चटका देणारी. “गाणं चालू नसताना कोण तापतंय, ते आधी बघायचं,” ते म्हणाले. क्लास डी ॲम्पच्या दुरुस्तीत मला याहून उपयोगाची सूचना मिळालेली नाही. ती का बरोबर आहे हे समजायला या पेटीचं काम कसं चालतं ते नीट बघावं लागतं.

जुन्या पद्धतीचा, म्हणजे क्लास एबीचा ॲम्प आपल्याकडच्या प्रत्येक साउंडवाल्याने उघडून पाहिलेला असतो. त्यात ५२०० आणि १९४३ या ट्रान्झिस्टरांच्या जोड्या ओळीने, मागे वीतभर ॲल्युमिनियम. समजा सप्लाय अधिक-उणे ५० व्होल्टचा आहे आणि एखाद्या क्षणी ८ ओहमच्या स्पीकरला २५ व्होल्ट हवे आहेत. स्पीकरमधून सुमारे ३.१ ॲम्पियर वाहतात आणि त्याला ७८ वॉट मिळतात. पण सप्लायचे उरलेले २५ व्होल्ट ट्रान्झिस्टरने स्वतःवर झेललेले असतात, आणि त्यातूनही तेच ३.१ ॲम्पियर जातात. म्हणजे आणखी ७८ वॉट निव्वळ उष्णता. संगीत बहुतेक वेळ अशाच मधल्या पातळीवर असतं, त्यामुळे हा तोटा क्वचित होणारा नव्हे, सततचा असतो. जनरेटरवर चालणाऱ्या गाडीत त्याचा हिशेब थेट डिझेलमध्ये होतो.

क्लास डीमध्ये ही मधली पातळीच ठेवलेली नाही. टेबलावरच्या बोर्डावर आयआरएस २०९२ हा चालक आयसी होता आणि प्रत्येक चॅनेलला आयआरएफबी ४२२७ जातीचे दोन मॉसफेट. वरचा मॉसफेट चालू झाला की त्यांच्या जोडबिंदूवर अधिक ५० व्होल्ट येतात, खालचा चालू झाला की उणे ५०. अर्धवट उघडणं नाही. पूर्ण चालू असलेल्या अशा मॉसफेटचा रोध ओहमच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास असतो. तेच ३.१ ॲम्पियर त्यातून गेले तर वाहताना होणारा तोटा जेमतेम पाव वॉटचा. चालू-बंद होतानाच्या क्षणांचा तोटा वेगळा, पण तोही काही वॉटांत मावतो. म्हणून त्या पेटीतला हीटसिंक तळहाताएवढाच होता.

मग २५ व्होल्ट येतात कुठून? वेळेच्या वाटणीतून. हा बोर्ड सेकंदाला सुमारे ४ लाख वेळा वर-खाली होतो, म्हणजे एका फेरीला अडीच मायक्रोसेकंद मिळतात. फेरीचा निम्मा वेळ वर आणि निम्मा वेळ खाली गेला तर सरासरी शून्य, स्पीकर गप्प. तीन चतुर्थांश वेळ वर आणि एक चतुर्थांश खाली गेला, तर सरासरी अधिक २५ व्होल्ट. गाण्याची लहर जशी चढते-उतरते तशी वरच्या स्पंदाची रुंदी वाढते-घटते. आत येणारा आवाज असा रुंदीत मांडला जातो. एक काळजी मात्र प्रत्येक फेरीत घ्यावी लागते. एक मॉसफेट पूर्ण बंद होण्याआधी दुसरा चालू झाला तर सप्लाय त्या दोघांतूनच शॉर्ट होतो. म्हणून मध्ये काही नॅनोसेकंद दोन्ही बंद ठेवतात. ही फट फार कमी ठेवली तर मॉसफेट तापतात, फार ठेवली तर आवाज बिघडू लागतो.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ साली एक्स-१० नावाचा असा ॲम्प किटच्या रूपात विकायला काढला होता. तेव्हाचे ट्रान्झिस्टर इतक्या झटपट चालू-बंद होत नव्हते आणि तो गाजला तो त्रासासाठीच. वेगवान मॉसफेट हाती आल्यावर हिशेब पालटला.

काकांनी स्कोपचं टोक कॉइलच्या आधी, मॉसफेटच्या जोडबिंदूवर लावलं. पडद्यावर उभ्या कडांचा चौकोनी तरंग, वरचा आणि खालचा भाग सारखा रुंद. मग टोक कॉइलच्या पलीकडे नेलं आणि चौकोन गेला. जवळजवळ सपाट रेष, तिच्यावर बारीक लव. स्पीकरच्या तारेला मधल्या १०० व्होल्टच्या उड्या दिसू नयेत हे काम कॉइल आणि तिच्या पुढचा कपॅसिटर मिळून करतात. कॉइल प्रवाहाला एकदम वाढू देत नाही आणि एकदम थांबूही देत नाही, गिरणीच्या जड चाकासारखी ती धक्के गिळून फिरणं चालू ठेवते. जे तरीही सुटतं ते कपॅसिटर जमिनीकडे वळवतो.

या बोर्डावर २२ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता. या जोडीची सीमा सुमारे ५० किलोहर्ट्झवर येते. कानाला ऐकू येणारं सगळं २० किलोहर्ट्झच्या आत, म्हणून ते बिनधोक पलीकडे जातं. ४०० किलोहर्ट्झ मात्र सीमेच्या आठपट वर आहेत आणि असं फिल्टर आठपट वरच्या वारंवारतेला सुमारे चौसष्टाव्या भागावर आणतं. चौकोनी तरंगातला ४०० किलोहर्ट्झचा मूळ घटक सुमारे ६४ व्होल्टचा, म्हणून पलीकडे त्याचा साधारण १ व्होल्ट शिल्लक राहतो. पडद्यावरची लव तेवढीच होती. ती ऐकू येत नाही आणि ती दोषही नाही. ती पाहून घाबरून मोठा कपॅसिटर लावणारे लोक सीमा खाली आणतात आणि गाण्यातली झांज बोथट करून ठेवतात.

आता त्या तापलेल्या कॉइलकडे. गाणं नसताना स्पीकरकडे काहीच जात नाही, पण कॉइलमध्ये प्रवाह असतो. एका टोकाला सव्वा मायक्रोसेकंद अधिक ५०, मग सव्वा मायक्रोसेकंद उणे ५० व्होल्ट. २२ मायक्रोहेन्रीमध्ये तेवढ्या वेळात प्रवाह सुमारे २.८ ॲम्पियर चढतो आणि तेवढाच उतरतो. म्हणजे पेटी चालू असेपर्यंत, शांततेतसुद्धा, कॉइलचा गाभा सेकंदाला ४ लाख वेळा चुंबकित होऊन उलटतो. गाभा कशाचा, हा प्रश्न इथे निर्णायक ठरतो.

पिवळी-पांढरी रिंग कॉम्प्युटरच्या जुन्या सप्लायमधून फुकट मिळते. ती लोहचूर्णाचीच, पण कमी वारंवारतेसाठी केलेली. ४०० किलोहर्ट्झला ती ऊर्जा खाते. कुणीतरी आधीच्या दुरुस्तीत जळालेल्या कॉइलच्या जागी तीच बसवली होती. मीटरवर ती २२ मायक्रोहेन्री दाखवते, म्हणून शंका येत नाही. वेढे मोजले तर लक्षात येतं. सव्वा इंचाहून लहान अशा त्या १०६ मापाच्या रिंगवर पिवळ्या जातीत १५-१६ वेढ्यांत २२ मायक्रोहेन्री भरतात, तर लाल जातीच्या तेवढ्याच रिंगवर सुमारे ४० वेढे घालावे लागतात. वेढे कमी म्हणजे प्रत्येक फेरीत गाभ्याला अडीचपट जास्त चुंबकन सोसावं लागतं, आणि तेही जास्त ऊर्जा खाणाऱ्या चूर्णाला. तासभर तापल्यावर तारेचं इनॅमल मऊ होतं, वेढे एकमेकांना चिकटतात, कॉइलचं मूल्य घसरतं, मॉसफेटवर जास्त प्रवाह येतो आणि संरक्षण पेटी बंद करतं. साउंडवाल्याची तक्रार नेमकी हीच होती.

काकांनी लाल रिंग घेतली आणि जाड तारेचे वेढे एकावर एक न चढवता शेजारी-शेजारी घातले. मीटरवर मूल्य पाहून एक वेढा कमी केला. नवी कॉइल बसवून पेटी गाण्याविना तितकाच वेळ चालू ठेवली. बोट ठेवून ठेवता येईल इतकीच ती तापली.

मी उठत होतो, पण ते म्हणाले, “थांबा, बास लावून बघू. अर्धं काम राहिलंय.” क्लास डीच्या अशा अर्ध्या पुलाच्या बोर्डाला एक खोड असते आणि ती डीजेच्या गाडीतच उघडी पडते. आउटपुट अधिक असताना, जेव्हा खालचा मॉसफेट चालू असतो तेव्हाही, कॉइल आपला प्रवाह पुढे ढकलतच असते. तो प्रवाह उणे सप्लायच्या कपॅसिटरमध्ये उलटा शिरतो आणि त्याचा व्होल्टेज वाढवतो. डायोडमुळे ट्रान्स्फॉर्मर तो परत घेऊ शकत नाही. उंच सुरांत हे लगेच भरून निघतं. खोल बासमध्ये अर्धी फेरी लांबते आणि चढ साचत जातो. ४ ओहमचे दोन बास, ४० हर्ट्झ, निम्म्या आवाजावर, आणि प्रत्येक बाजूला ४७०० मायक्रोफॅरड असं गृहीत धरून मी कागदावर मांडलं, तर चढ सहा व्होल्टच्या वर निघाला. रात्री वीज थोडी चढलेली असेल तर ५० चे आधीच ५३ झालेले असतात आणि ६३ व्होल्टचे कपॅसिटर काठावर येतात. पुढे संरक्षण कापतं, नाहीतर कपॅसिटर फुगतो. बास जोरात वाजली की नेमकी तेव्हाच पेटी बंद पडते, ही तक्रार पुष्कळदा इथून येते, आणि लोक मॉसफेट बदलत बसतात.

काकांनी सप्लायला मीटर लावून ४० हर्ट्झचा सूर सोडला. काटा स्पष्ट वर सरकला. उपाय पार्ट बदलण्याचा नव्हता. त्यांनी एका चॅनेलला जाणारा सिग्नल उलटा केला आणि त्याच चॅनेलच्या स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल केल्या. दोन्ही स्पीकर हवेला एकाच दिशेने ढकलतात, पण एक चॅनेल ज्या बाजूच्या सप्लायमध्ये प्रवाह ढकलतो त्याच बाजूतून दुसरा तो ओढून घेतो. पुन्हा तोच सूर सोडला तेव्हा काटा जवळजवळ हलला नाही. बास दोन्ही बाजूंना सारखी असेल तोवरच हे चालतं. एकाच पेटीला बास दिली तर खोड परत येते, हेही त्यांनी साउंडवाल्याला बजावलं.

पेटी मिटवण्याआधी त्यांनी मागच्या पट्टीवर मार्करने लिहिलं की डाव्या चॅनेलची लाल तार ग्राउंडला आहे, दोन्ही काळ्या एकत्र जोडू नका.