२ ते ८ अंशांच्या आतले आणि बाहेरचे

‘२ अंशांपेक्षा कमी आणि ८ अंशांपेक्षा जास्त तापमान लसींना चालत नाही.’ प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्यानं रुजू झालेल्या कर्मचाऱ्याला हे वाक्य सांगितलं, तर त्याला ते बिनचूक कळतं. तिथल्या लसी ज्या खास फ्रिजमध्ये ठेवतात त्याला सगळे ‘आयएलआर’ म्हणतात. त्याचं तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस राखायचं असतं आणि रोज सकाळ-संध्याकाळ ते वहीत लिहायचं असतं. हेपटायटिस-बी, पेंटाव्हॅलंट यांसारख्या लसी गोठल्या की बाद होतात, पुन्हा वितळवल्या तरी त्यांचा गुण परत येत नाही. उलट पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या डोसाला उष्णता सोसत नाही. म्हणून धोका दोन्ही बाजूंना आहे.

आता तेच वाक्य शब्दाला शब्द बीजगणितात उतरवू. तापमानाला त म्हटलं, तर धोक्याची अट होईल: त < २ आणि त > ८. आणि ही अट कोणतंच तापमान कधी पुरी करू शकत नाही. एकच आकडा २ पेक्षा लहान असेल आणि त्याच वेळी ८ पेक्षा मोठाही असेल, हे शक्यच नाही. वाक्य बरोबर होतं, त्याचं गणित मात्र चुकलं.

याचं कारण बोलण्यातल्या ‘आणि’त आहे. बोलताना आपण दोन गटांची यादी करतो: कमी तापमानं एका बाजूला, जास्त तापमानं दुसऱ्या बाजूला, आणि ही दोन्ही धोक्याची. बीजगणितातला ‘आणि’ यादी करत नाही. तो एकाच संख्येवर एकाच वेळी दोन अटी लादतो. तेव्हा असमीकरण लिहिण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: मी गट मोजतोय, की एका संख्येकडून दोन गोष्टींची मागणी करतोय? गट मोजत असू, तर तोंडातल्या ‘आणि’साठी कागदावर ‘किंवा’ लिहावा लागतो. धोक्याची खरी अट आहे: त < २ किंवा त > ८.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर संख्यारेषा काढा आणि तिच्या वर दोन वेगवेगळ्या पट्ट्या आखा, प्रत्येक अटीची एक. सुरक्षित तापमानाची अट घेऊ: त ≥ २ आणि त ≤ ८. पहिली पट्टी २ वर भरीव ठिपका देऊन उजवीकडे जाते आणि जातच राहते. दुसरी ८ वर भरीव ठिपका देऊन डावीकडे जाते. ‘आणि’ म्हटलं की उत्तर म्हणून फक्त तेवढाच भाग घ्यायचा, जिथे दोन्ही पट्ट्या एकावर एक आल्या आहेत. तो भाग म्हणजे २ ते ८. शाळेत संच शिकताना याच भागाला आपण छेदसंच म्हणतो. दोन्ही अटी मिळून २ ≤ त ≤ ८ असं सलग लिहिता येतं, कारण त खरोखरच दोघांच्या मध्ये अडकलेला आहे.

त्याच दोन पट्ट्या ठेवून मधला शब्द बदला: त ≥ २ किंवा त ≤ ८. ‘किंवा’ म्हटलं की एका तरी पट्टीखाली येणारी प्रत्येक संख्या उत्तरात येते. हा संयोगसंच. इथे पाहता पाहता सगळी संख्यारेषाच व्यापली जाते. उणे २० अंशही चालतात, कारण ते ८ पेक्षा कमी आहेत. ४० अंशही चालतात, कारण ते २ पेक्षा जास्त आहेत. ५ अंश दोन्ही अटी पुऱ्या करतो, पण म्हणून त्याला वगळायचं नाही. चहा किंवा कॉफी विचारल्यावर आपण दोन्ही मागत नाही, गणितातल्या ‘किंवा’ला मात्र दोन्ही चालतात. तेव्हा शब्द चुकला की उत्तर थोडंसं इकडेतिकडे सरकत नाही. धोक्याच्या अटीत ते अजिबात उरलं नव्हतं, इथे ते सगळंच झालं.

आता जरा पायऱ्या असलेलं उदाहरण. समजा, फ्रिजचा थर्मोस्टॅट बिघडला आहे आणि आतलं तापमान दर तासाला अर्ध्या अंशानं घसरतं आहे. बिघाड लक्षात आला तेव्हा काटा ७ अंशांवर होता. तिथून व तासांनी तापमान असेल ७ − ०.५व. लसी किती वेळ सुरक्षित आहेत? अट अशी:

२ ≤ ७ − ०.५व ≤ ८

ही दिसायला एक ओळ असली तरी तिच्यात दोन असमीकरणं ‘आणि’नं जोडलेली आहेत. म्हणून जे करायचं ते तिन्ही ठिकाणी करायचं, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. तिन्हीतून ७ वजा केले:

−५ ≤ −०.५व ≤ १

आता तिन्हींना −०.५ नं भागायचं. ऋण संख्येनं गुणलं किंवा भागलं की लहान-मोठेपणाचा क्रम उलटतो. ३ हे ५ पेक्षा लहान, पण −३ हे −५ पेक्षा मोठे. म्हणून दोन्ही चिन्हं उलटी करावी लागतात:

१० ≥ व ≥ −२

लहानापासून मोठ्याकडे वाचलं तर −२ ≤ व ≤ १०. पडताळा घ्यायचा तर टोकाचे आकडे मूळ अटीत टाकावेत: व = १० धरलं तर ७ − ५ = २, म्हणजे बरोबर खालची मर्यादा. व = −२ धरलं तर ७ + १ = ८, वरची मर्यादा. टोकं जुळली. मग पट्टीच्या बाहेरचा एक आकडा घ्यावा: व = १२ धरलं तर तापमान १ अंश येतं आणि अट मोडते. चिन्ह उलटायचं राहिलं असतं, तर ओळ १० ≤ व ≤ −२ अशी आली असती. अशी चूक पकडायला एक साधी युक्ती आहे: मधला व झाकायचा आणि उरलेलं वाचायचं. १० ≤ −२? खोटं. म्हणजे कुठेतरी घोळ झाला आहे.

उत्तरात आलेले उणे दोन तास विचित्र वाटतात. त्यांचा अर्थ एवढाच की हाच वेग आधीपासून असता, तर दोन तासांपूर्वी काटा ८ वर असता. पण आपण बिघाड दिसल्यानंतरच्या वेळेबद्दल बोलतो आहोत, म्हणून व ≥ ० ही तिसरी अटही ‘आणि’नंच जोडली जाते. तिची पट्टी वर आखली की तिन्ही पट्ट्या एकत्र येतात तो भाग ० ते १० एवढाच. लसी हलवायला दहा तास आहेत. परिस्थितीतून आलेली अशी न लिहिलेली अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण नुसत्या चिन्हांकडे पाहून ती कधीच दिसत नाही.

मधला आकडा झाकायची युक्ती ‘किंवा’च्या बाबतीतही उपयोगी पडते. त < २ किंवा त > ८ हे उत्तर बऱ्याच वह्यांमध्ये ८ < त < २ असं सलग लिहिलेलं सापडतं. मधला त झाका: ८ < २. खोटं. दोन तुटक तुकड्यांचं उत्तर एका साखळीत बसत नाही, ते ‘किंवा’ घालून दोन भागांतच लिहावं लागतं. साखळी हा मान फक्त ‘आणि’चा.

सुरक्षित आणि धोक्याची अट शेजारी ठेवून पाहावी. एक आहे त ≥ २ आणि त ≤ ८. दुसरी आहे तिचा नकार, त < २ किंवा त > ८. नकार देताना दोन्ही चिन्हं तर बदललीच, पण मधला ‘आणि’सुद्धा ‘किंवा’ झाला. हा नियम ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्याकडच्या मदुराईत जन्मले. नियमाचं कारण सोपं आहे: दोन्ही अटी पाळल्या तरच ‘ठीक’ म्हणायचं असेल, तर बिघडायला एकच मोडली तरी पुरते. शिवाय नेमके २ आणि नेमके ८ हे आकडे सुरक्षित बाजूला आहेत, म्हणून धोक्याच्या बाजूला त्यांच्यावर भरीव ठिपका न देता पोकळ वर्तुळ काढायचं. संख्यारेषेवरचा प्रत्येक बिंदू एका बाजूला आणि एकाच बाजूला गेला पाहिजे.

तापमानाची नोंद हल्ली अनेक जण संगणकावर ठेवतात, आणि तिथे हीच चूक गुपचूप बसते. एक्सेलमध्ये कोणी सुरक्षित अट गणितासारखी सलग लिहिली:

```
=2<=A1<=8
```

तर उत्तर नेहमी FALSE येतं, काटा ५ वर असला तरी. एक्सेल आधी पहिलीच तुलना करतं, तिचं उत्तर TRUE किंवा FALSE काढतं, आणि मग ते उत्तर 8 शी ताडून पाहतं. त्याच्या क्रमवारीत हे दोन्ही शब्द कोणत्याही संख्येपेक्षा मोठे धरलेले असल्यामुळे दुसरी तुलना कधीच जमत नाही. साखळी सोडवून दोन अटी वेगळ्या द्याव्या लागतात. सुरक्षिततेसाठी पहिली ओळ, धोक्याच्या इशाऱ्यासाठी दुसरी:

```
=AND(A1>=2,A1<=8)
=OR(A1<2,A1>8)
```

दुसऱ्या ओळीत बोलण्याच्या ओघात OR ऐवजी AND पडला, तर इशारा कधीच मिळणार नाही. ही चूक जास्त वाईट, कारण इशारा न मिळणं म्हणजे सगळं ठीक आहे असंच वाटतं. तपासायला तीन आकडे पुरतात: एक खालचा, एक मधला, एक वरचा. १, ५ आणि ९ टाकून पाहावेत, आणि मग टोकाचे २ व ८.

शेवटी एक असं रूप, ज्यात ‘आणि’ व ‘किंवा’ दोन्ही एकत्र येतात. धोक्याची अट एकाच ओळीत अशीही लिहिता येते:

(त − २)(त − ८) > ०

दोन संख्यांचा गुणाकार धन येतो तो दोन्ही धन असतील तर, किंवा दोन्ही ऋण असतील तर. पहिल्या प्रकारात त > २ आणि त > ८ हवं. दोन्ही पट्ट्या उजवीकडेच जातात आणि त्या एकत्र येतात ८ च्या पुढे, म्हणून उरतं त > ८. दुसऱ्या प्रकारात त < २ आणि त < ८, म्हणून उरतं त < २. प्रत्येक प्रकाराच्या आत छेद घ्यायचा, आणि मग दोन प्रकारांचा संयोग: त < २ किंवा त > ८.

चिन्ह उलटं केलं, (त − २)(त − ८) < ०, तर एक अवयव धन आणि दुसरा ऋण हवा. त > २ आणि त < ८ यातून २ आणि ८ यांच्या मधला भाग मिळतो. दुसरी शक्यता त < २ आणि त > ८. सुरुवातीला भेटलेली ही अट इथे रिकामा संच देते, पण ती लिहायची मात्र टाळू नये. मधल्या भागाशी रिकाम्या संचाचा संयोग केला तर मधला भागच उरतो, आणि दुसरीकडून काही सुटलं नाही याची खात्री त्या ओळीनंच होते.